क्लॅमिडियाचे ४८ तास : ईबी, आरबी आणि मधल्या अडचणी (वारंवार विचारले जाणारे प्रश्न)

ठाणे, वाशी, नेरूळ, खारघर या पट्ट्यातले एम.एस्सी.चे आणि प्रोजेक्टचे विद्यार्थी पहिल्यांदा हेला पेशींत क्लॅमिडिया वाढवायला घेतात, तेव्हा त्यांना पडणारे प्रश्न इथे एकत्र केले आहेत. सगळी उत्तरं क्लॅमिडिया ट्रॅकोमॅटिसच्या एल-२ या सेरोव्हारला धरून आहेत. बहुतेक ठिकाणी शिकायला तोच वापरतात, कारण तो भरभर वाढतो आणि पेशींत सहज शिरतो. डी किंवा ई सेरोव्हारचं चक्र थोडं सावकाश चालतं, त्यामुळे खालचे तास तिथे जसेच्या तसे लावू नका.

ईबी आणि आरबी हे दोन वेगळे जंतू आहेत का?

नाही. जीवाणू एकच, रूपं दोन. एलिमेंटरी बॉडी, म्हणजे ईबी, सुमारे ०.३ मायक्रोमीटरची असते. ती पेशीबाहेर टिकते, नव्या पेशीत शिरते, पण विभागत नाही. रेटिक्युलेट बॉडी, म्हणजे आरबी, साधारण १ मायक्रोमीटरची असते. ती विभागते, पण नव्या पेशीला लागण करू शकत नाही आणि बाहेर काढली की लगेच फुटते. प्रवास एकीकडे, वाढ दुसरीकडे, अशी ही वाटणी आहे. प्रयोगातले बहुतेक चक्रावणारे निकाल या वाटणीतूनच येतात, म्हणून वहीच्या पहिल्या पानावर हे लिहून ठेवा.

ईबी टणक असते ती तिच्या बाह्य आवरणामुळे. त्या आवरणातली सिस्टीनयुक्त प्रथिनं एकमेकांना डायसल्फाइड बंधांनी शिवलेली असतात. आतला डीएनए एचसी-१ आणि एचसी-२ या हिस्टोनसारख्या प्रथिनांनी घट्ट गुंडाळलेला असतो, म्हणून इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकात ईबीच्या मध्यभागी काळा ठिपका दिसतो. आरबीत हे बंध सुटलेले असतात आणि डीएनए मोकळा पसरलेला असतो.

मग ईबी म्हणजे झोपलेली बीच ना?

जुन्या पुस्तकांत तसंच लिहिलेलं आढळतं, पण ते पूर्ण खरं नाही. २०१२ साली पेशीविरहित माध्यमात केलेल्या कामातून दिसलं की ईबीसुद्धा प्रथिनं बनवते, मात्र त्यासाठी तिला ग्लुकोज-६-फॉस्फेट लागतं. आरबीला थेट एटीपी लागतो आणि तो ती यजमान पेशीकडून घेते. म्हणजे ईबी अगदी निपचित नसते, तिचं इंधन वेगळं असतं. तोंडी परीक्षेत 'चयापचयदृष्ट्या निष्क्रिय' असं छातीठोकपणे सांगू नका.

पेशीत शिरल्यावर पहिल्या आठ तासांत काय घडतं?

ईबी पेशीला चिकटते आणि टाइप थ्री स्रवण यंत्रणेच्या सुईतून आधीच बनवून ठेवलेली प्रथिनं पेशीत टोचते. त्यातलं टार्प हे प्रथिन पेशीच्या अ‍ॅक्टिनची जुळणी करतं आणि पेशी स्वतःच तिला आत ओढून घेते. आत आल्यावर ती एका पडद्याच्या पिशवीत असते. या पिशवीला आपण इन्क्लूजन म्हणतो. थोड्याच वेळात जीवाणू तिच्या पडद्यात स्वतःची इन्क प्रथिनं बसवायला लागतो, त्यामुळे पेशी त्या पिशवीला पचवण्याचा माल समजत नाही आणि लायसोसोम तिच्याशी जुळत नाहीत. पिशवी सूक्ष्मनलिकांवरून डायनीनच्या साहाय्याने केंद्रकाजवळ सरकते आणि तिथे गॉल्जीकडून निघालेलं स्फिंगोमायलिन अडवून आपल्याकडे वळवते.

दरम्यान ईबीचे डायसल्फाइड बंध सुटतात, डीएनए मोकळा होतो आणि ६ ते ८ तासांत तिची आरबी होते. पहिलं विभाजन साधारण ८ ते १० तासांच्या दरम्यान होतं. तोवर सूक्ष्मदर्शकाखाली काही दिसत नाही. पहिल्या दिवशी संध्याकाळी प्लेट पाहून 'लागण झाली नाही' म्हणत ती टाकून देऊ नका.

आरबी किती वेगाने वाढते आणि परत ईबी कधी होते?

सुरुवातीला एका दुपटीला सुमारे २ तास लागतात. ८ व्या तासापासून २४ व्या तासापर्यंत १६ तास मिळाले, म्हणजे ८ दुपटी. एका आरबीच्या २५६ झाल्या. पुढे वेग मंदावतो. प्रत्येक दुपटीबरोबर आरबीचा आकार थोडा थोडा घटत जातो आणि पुरेशी लहान झालेली आरबीच ईबीकडे वळते, असं २०१८ च्या त्रिमितीय इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाच्या कामातून मांडलं गेलं.

एल-२ मध्ये २० ते २४ तासांच्या सुमारास पहिल्या नव्या ईबी दिसू लागतात. पण सगळ्या आरबी एकाच वेळी बदलत नाहीत. काही विभागत राहतात, काही मधल्या रूपात असतात, काहींची ईबी झालेली असते. म्हणून ३६ तासांच्या इन्क्लूजनमध्ये तिन्ही रूपं एकत्र सापडतात. याला 'चुकलेलं सिंक्रोनायझेशन' समजू नका, या जीवाणूचा स्वभावच तो आहे. विभाजनाचीही एक गंमत आहे. क्लॅमिडियाकडे एफटीएसझेड हे बहुतेक जीवाणूंचं विभाजन-प्रथिन नाही. तो एका टोकाकडून कळीसारखा फुगून विभागतो. त्या जागी पेप्टिडोग्लायकनची अगदी बारीक कडी तयार होते, आणि पेनिसिलिन नेमकं तिथेच मार करतं. पुढच्या एका उत्तरात ही कडी पुन्हा येईल.

एक पूर्ण चक्र मोजायचं तर प्रयोग कसा मांडावा?

२४ खाचांच्या प्लेटमध्ये आदल्या दिवशी प्रत्येक खाचेत हेलाच्या १ लाख पेशी टाका. दुसऱ्या दिवशी त्या साधारण २ लाख होतात आणि थर जवळपास भरतो. माध्यम डीएमईएम, त्यात १० टक्के एफबीएस. प्रतिजैविक टाकायचंच असेल तर फक्त जेंटामायसिन. ते यजमान पेशीत फारसं शिरत नाही, त्यामुळे बाहेरचे जंतू मारतं आणि आतल्या क्लॅमिडियाला धक्का लावत नाही.

ईबीचा साठा बर्फावर वितळवा आणि एसपीजी द्रावणात पातळ करा. लिटरमागे ७५ ग्रॅम सुक्रोज, ०.७२ ग्रॅम ग्लुटामिक आम्ल आणि फॉस्फेट, पीएच ७.२ ते ७.४, असं हे द्रावण असतं. प्रत्येक खाचेत २०० मायक्रोलिटरमधून १ लाख आयएफयू, म्हणजे लागण करू शकणारे कण, द्या. एमओआय, म्हणजे एका पेशीमागे दिलेले असे कण, ०.५ होतो. मग प्लेट ९०० जी वर खोलीच्या तापमानाला एक तास फिरवा. फिरवून झालं की द्रावण काढा, कोमट पीबीएसने एकदा धुवा आणि १ मिली ताजं माध्यम घाला. हा क्षण शून्य तास. फिरवायला लागल्यापासून मोजायचं की माध्यम घातल्यापासून, हे गटातल्या प्रत्येकाने आपल्या मनाने ठरवलं तर आलेखात एक तासाचा घोळ हमखास होतो.

नमुने २, ८, १६, २४, ३२ आणि ४४ तासांना काढायचे. दर वेळेसाठी वेगळी छोटी प्लेट ठेवा. एकाच प्लेटमधून काढत गेलात तर उरलेल्या खाचा प्रत्येक वेळी थंड पडतात आणि पुढचे सगळे तास मागे पडतात. प्रत्येक वेळेला आयएफयूसाठी तीन खाचा, डीएनएसाठी एक आणि रंगवण्यासाठी कव्हरस्लिपची एक, एवढ्या पुरतात.

१६ व्या आणि ४४ व्या तासासाठी रात्री लॅबमध्ये थांबावं लागेल का?

नाही. एकाच साठ्याच्या दोन कुप्या घ्या आणि लागण दोनदा करा. पहिल्या संचाचा शून्य तास सोमवारी सकाळी १० ला ठेवा. त्याचा २ रा तास दुपारी १२, ८ वा संध्याकाळी ६, २४ वा मंगळवारी सकाळी १० आणि ३२ वा मंगळवारी संध्याकाळी ६ ला येतो. दुसऱ्या संचाचा शून्य तास सोमवारी संध्याकाळी ६. त्याचा १६ वा तास मंगळवारी सकाळी १०, २४ वा मंगळवारी संध्याकाळी ६ आणि ४४ वा बुधवारी दुपारी २ ला. दोन्ही संचांत २४ तास मुद्दाम ठेवला आहे. ते दोन आकडे जवळपास जुळले तरच दोन्ही संच एका आलेखावर चढवा. शेवटची ट्रान्स-हार्बर लोकल कुणाचीच चुकत नाही.

२, ८ आणि १६ तासांना आयएफयू जवळपास शून्य येतात. चुकलं काय?

काहीच नाही, आलेख असाच यायला हवा. आयएफयू म्हणजे नव्या पेशीत इन्क्लूजन तयार करू शकणारे कण, थोडक्यात जिवंत ईबी. २ तासांना दिलेल्या ईबींपैकी काही अजून तशाच असतात, म्हणून थोडे आयएफयू सापडतील. ८ आणि १६ तासांना आत फक्त आरबी असतात. पेशी फोडताना त्या फुटतात, आणि एखादी वाचली तरी तिला नव्या पेशीत शिरता येत नाही. २४ तासांना आकडा डोकं वर काढतो आणि ४४ पर्यंत झपाट्याने चढतो.

१६ तासांनाच भरपूर आयएफयू आले तर काळजी करा. बहुतेकदा धुताना न निघालेल्या, पेशीबाहेर राहिलेल्या मूळ ईबी त्यात मोजल्या गेलेल्या असतात. त्याची खूण अशी की २ तासांचा आणि १६ तासांचा आकडा जवळपास सारखाच येतो.

आयएफयू नेमके कसे मोजायचे?

खाचेतलं माध्यम काढा, १ मिली थंड एसपीजी घाला, पेशी खरवडा, ३ मिमीच्या निर्जंतुक काचेच्या मण्यांबरोबर छोट्या नळीत घ्या आणि एक मिनिट व्होर्टेक्स करा. पेशी फुटतात, ईबी टिकतात. मग दहा-दहा पटींनी पातळ करत जा आणि ९६ खाचांच्या प्लेटमधल्या ताज्या हेलावर प्रत्येकी १०० मायक्रोलिटर घालून पुन्हा फिरवा. फिरवल्यावर ताजं माध्यम घाला आणि २४ ते ३० तासांनी मिथेनॉलने १० मिनिटं स्थिर करा. क्लॅमिडियाच्या एलपीएसविरुद्धची चमकणारी प्रतिपिंडं लावून मोजा.

एक उदाहरण सोडवू. ४४ तासांच्या नमुन्याच्या दहा हजार पट पातळ खाचेत २०एक्स भिंगाखाली २० क्षेत्रं पाहिली, सरासरी एका क्षेत्रात ६ इन्क्लूजन आले. ९६ खाचांच्या प्लेटमधली एक खाच साधारण ३२ चौरस मिमीची असते. फील्ड नंबर २२ च्या आयपीसबरोबर २०एक्सचं क्षेत्र सुमारे ०.९५ चौरस मिमी भरतं, म्हणजे एका खाचेत साधारण ३४ क्षेत्रं बसतात. ६ गुणिले ३४ म्हणजे खाचेत २०४ इन्क्लूजन. ते १०० मायक्रोलिटरमध्ये होते, म्हणून मिलीमागे २,०४०. दहा हजाराने गुणलं की मूळ नमुन्यात मिलीमागे सुमारे २ कोटी ४ लाख आयएफयू.

आता हे किती पेशींतून आले? एमओआय ०.५ दिला म्हणजे निम्म्या पेशींना लागण झाली, असं होत नाही. ईबी कुठेही कशाही पडतात, काही पेशींत दोन जातात, काही कोऱ्या राहतात. प्वासों वितरणाने लागण झालेल्या पेशी सुमारे ३९ टक्के येतात, म्हणजे २ लाखांतून ७८ हजार. २ कोटी ४ लाख भागिले ७८ हजार केलं की एका पेशीमागे सुमारे २६० ईबी. असा शेकड्यांतला आकडा आला तर चक्र नीट चाललं. (एमओआय १ दिला तरी ३७ टक्के पेशी कोऱ्याच राहतात, हे बऱ्याच जणांना खरं वाटत नाही.)

गर्दीच्या खाचेवरून कधी मोजू नका. एका पेशीत दोन ईबी शिरल्या तर त्यांच्या पिशव्या ३७ अंशाला एकमेकींत मिसळतात आणि तुम्हाला एकच इन्क्लूजन दिसतं. आकडा नकळत कमी येतो.

डीएनएच्या प्रती भरपूर वाढल्या, आयएफयू मात्र येतच नाहीत. हे कसं?

सर्वांत जास्त विचारला जाणारा आणि सर्वांत शिकवणारा प्रश्न हाच आहे, म्हणून उत्तर सविस्तर देतो.

समजा, क्यूपीसीआरमध्ये २ तासांना खाचेत जीनोमच्या १ लाख प्रती आहेत, २४ तासांना दीड कोटी आणि ४४ तासांना त्याहून थोड्या अधिक. आलेख सुरेख आहे. पण ४४ तासांचे आयएफयू मोजण्याइतकेही नाहीत. डीएनए वाढला, म्हणजे ईबी आत गेली, तिची आरबी झाली आणि जीनोमच्या प्रती निघत राहिल्या. तेव्हा साठा मेलेला नव्हता. साठा मेलेला असता तर प्रती २ तासांच्या पातळीवरच पडून राहिल्या असत्या. टेट्रासायक्लिन किंवा क्लोरॅम्फेनिकॉल चुकून आलं असतं तरीही प्रती वाढल्या नसत्या, कारण प्रथिनंच बनली नसती. उरल्या दोन शक्यता: ईबी तयार झाल्याच नाहीत, किंवा तयार झाल्या आणि काढताना किंवा साठवताना मेल्या.

यातली कुठली खरी, ते कव्हरस्लिप सांगते. ४४ तासांची इन्क्लूजन ४०एक्स फेज कॉन्ट्रास्टमध्ये पाहा. केंद्रकाला एका बाजूला ढकलून बसलेली मोठी गोल पिशवी असेल आणि तिच्यात बारीक कण वाळूसारखे सतत थरथरत असतील, तर त्या ईबी आहेत आणि चक्र पूर्ण झालं आहे. मग दोष पुढच्या टप्प्यात शोधा: नमुना पाण्यात किंवा साध्या पीबीएसमध्ये ताटकळला का, उणे ८० ऐवजी उणे २० ला ठेवला का, दोनदा वितळवला का.

पिशवी आहे, पण तिच्यात थरथर नाही; बारीक कणांऐवजी दोन-चार किंवा दहा-बारा फिकट, फुगलेले गोळे संथ बसलेले आहेत, एकेक गोळा नेहमीच्या आरबीच्या कितीतरी पट मोठा, असं दिसलं तर कारण जवळपास नक्की आहे. माध्यमात पेनिसिलिन होतं. मघाची पेप्टिडोग्लायकनची कडी आठवा. पेनिसिलिन ती बनू देत नाही. आरबी विभागू शकत नाही, पण तिच्या जीनोमच्या प्रती निघत राहतात, म्हणून ती फुगते. विभाजन थांबलं की लहान आरबी तयार होत नाहीत आणि ईबीही होत नाहीत. क्यूपीसीआरला यातलं काही कळत नाही, ते फक्त प्रती मोजतं.

पेनिसिलिन येतं कुठून? कुणी मुद्दाम टाकत नाही. पेशी संवर्धनाच्या खोलीत सर्वांसाठी बनवून ठेवलेल्या डीएमईएमच्या बाटलीत पेन-स्ट्रेप आधीच घातलेलं असतं, बहुधा मिलीमागे १०० युनिट पेनिसिलिन आणि १०० मायक्रोग्रॅम स्ट्रेप्टोमायसिन. हेला त्याच बाटलीवर पोसलेल्या असतात आणि लागणीनंतरचं ताजं माध्यमही तिथूनच घेतलं जातं. क्लॅमिडिया अडकवायला याच्या कितीतरी कमी पेनिसिलिन पुरतं.

इथे एक बारकावा आहे. आयएफयू मोजण्याच्या ९६ खाचांच्या प्लेटमध्ये पेन-स्ट्रेप असेल, तरी ईबी आत शिरतात, फुगलेली का होईना इन्क्लूजन तयार होते आणि ती चमकते. म्हणजे मोजणीच्या प्लेटमधल्या पेनिसिलिनमुळे आयएफयू शून्य येत नाहीत. दोष पहिल्या प्लेटमध्येच शोधायचा.

उपाय: लागणीच्या किमान दोन पॅसेज आधीपासून हेला पेन-स्ट्रेपशिवाय वाढवा, आणि क्लॅमिडियाच्या बाटलीवर ठळक अक्षरांत 'पेन-स्ट्रेप नाही' लिहा. खात्री हवी असेल तर बिघडलेल्या संचातल्या दोन खाचा पेनिसिलिन नसलेल्या माध्यमाने तीनदा धुवा आणि आणखी एक-दोन दिवस ठेवा. फुगलेल्या आरबीतून पुन्हा साध्या आरबी निघू लागतात आणि त्यानंतर ईबी. आयएफयू परत आले की निदान पक्कं झालं.

पेनिसिलिनशिवाय आणखी कशाने चक्र असं मध्येच थबकतं?

इंटरफेरॉन गॅमाने. माणसाच्या पेशीत त्यामुळे आयडीओ हे विकर वाढतं, ते ट्रिप्टोफॅन संपवून टाकतं आणि आरबी उपाशी पडून फुगते. जननमार्गातल्या सेरोव्हारांकडे ट्रिप्टोफॅन सिंथेजचे जनुक शाबूत आहेत, म्हणून आसपासच्या इतर जीवाणूंनी बनवलेलं इंडोल मिळालं तर त्यापासून ते ट्रिप्टोफॅन तयार करतात. डोळ्यांतल्या ट्रॅकोमाच्या सेरोव्हारांत ते जनुक निकामी झाले आहेत. लोह काढून घेतलं तरी असाच परिणाम दिसतो.

सायक्लोहेक्सिमाइड घालावं का?

एल-२ ला लागत नाही. सावकाश वाढणाऱ्या सेरोव्हारांसाठी मिलीमागे १ मायक्रोग्रॅम घालतात. त्याने यजमान पेशीचं प्रथिननिर्माण थांबतं आणि अमिनो आम्लं जीवाणूला उरतात. यजमान पेशीचा प्रतिसाद अभ्यासायचा असेल तर अर्थातच घालायचं नाही. हातमोजे घालूनच तोला.

मायकोप्लाझ्मा आला तर प्रतिजैविकाने काढता येईल का?

जवळपास नाही, आणि ही फार वाईट अडचण आहे. मायकोप्लाझ्मा मारणारी टेट्रासायक्लिन आणि क्विनोलोन गटाची औषधं क्लॅमिडियालाही मारतात. म्हणून प्रत्येक नवी हेला आणि प्रत्येक नवा ईबी साठा वापरण्याआधी पीसीआरने तपासा. डीएपीआय लावल्यावर लागण न झालेल्या पेशींच्या केंद्रकाबाहेर बारीक ठिपके विखुरलेले दिसले तर तिथेच थांबा. साठा दूषित असेल तर दुसरीकडून स्वच्छ साठा मागवणं हेच वेळ वाचवणारं आहे.

पावसाळ्यात प्लेट बुरशीने जातात आणि मध्येच वीजही जाते. काय करावं?

जून ते सप्टेंबर आपल्याकडची हवा इतकी दमट असते की सीओटू इन्क्युबेटरच्या पाण्याच्या ट्रेमधून बुरशी सहज पसरते. ट्रेमधलं पाणी दर आठवड्याला बदला, निर्जंतुक डिस्टिल्ड पाणीच वापरा, आणि प्लेट खोलीत नेण्याआधी बाहेरून ७० टक्के अल्कोहोलने पुसा. अँफोटेरिसिन बी क्लॅमिडियाला चालतं, त्यामुळे पावसाळ्यात ते घालायला हरकत नाही.

वीज गेली तर दार उघडू नका आणि कधी गेली, कधी आली, तापमान कितीपर्यंत उतरलं हे लिहून ठेवा. पेशी थंडावल्या की आरबीची दुपटी लांबते. अशा संचाचे आकडे दुसऱ्या संचाशी जोडू नका. ३२ अंशांच्या आसपास इन्क्लूजन एकमेकांत मिसळतही नाहीत, त्यामुळे एका पेशीत दोन-तीन वेगळ्या पिशव्या दिसल्या तर आधी तापमानाची नोंद पाहा.

ईबीचा साठा ठाण्याहून वाशीला कसा न्यायचा?

कोरड्या बर्फात, घट्ट झाकणाच्या कुपीत, कुपी दुसऱ्या न गळणाऱ्या डब्यात आणि मग थर्मोकोलच्या पेटीत. पेटीचं झाकण हवाबंद करू नका, कोरड्या बर्फाचा वायू बाहेर पडायला वाट हवी. लोकलच्या गर्दीत नेऊ नका, गाडीने न्या. ऐरोलीच्या कोंडीत अडकाल हे धरून बर्फ दुप्पट घ्या. पोहोचल्यावर एक कुपी वितळवून आयएफयू पुन्हा मोजा. मूळ लॅबने सांगितलेला आकडा मॅककॉय पेशींवरचा असेल तर तुमच्या हेलावर वेगळाच येईल.

४८ तासांनंतर पेशी फुटतेच का?

बऱ्याचदा फुटते, पण नेहमी नाही. २००७ साली दाखवलं गेलं की इन्क्लूजनचा काही भाग पडद्यासकट पेशीबाहेर ढकलला जातो आणि पेशी जिवंत राहते. याला एक्स्ट्रूजन म्हणतात. म्हणून ४४ तासांनंतरच्या वेळा घेणार असाल तर माध्यम फेकू नका, त्यातले आयएफयूही मोजा.

रुग्णाच्या तपासणीत या चक्राचा काय संबंध येतो?

दोन ठिकाणी थेट येतो. पहिलं म्हणजे क्लॅमिडिया साध्या अगारवर वाढतच नाही, म्हणून नेहमीच्या लघवीच्या कल्चरमध्ये तो सापडत नाही. त्यासाठी न्यूक्लिक आम्लाची चाचणी लागते. दुसरं म्हणजे ती चाचणीही वरच्या क्यूपीसीआरसारखीच आहे, जिवंत-मृत ओळखत नाही. उपचार संपताच चाचणी केली तर मेलेल्या जीवाणूंच्या अवशेषांमुळे ती पॉझिटिव्ह येऊ शकते. म्हणून बरं झाल्याची खात्री करायची असेल तेव्हा साधारण ४ आठवड्यांनी करतात. डॉक्सिसायक्लिन १०० मिग्रॅ दिवसातून दोनदा ७ दिवस देतात, त्यातले ७ दिवस लक्षात घ्या: औषध वाढणाऱ्या आरबीवर काम करतं आणि चक्र दोन-तीन दिवसांचं असतं, तेव्हा औषधाची पातळी एकाहून अधिक चक्रांपर्यंत टिकायला हवी.

पेनिसिलिनने फुगलेल्या आरबी रुग्णात किती महत्त्वाच्या, याचा निष्कर्ष प्लेटवरून काढू नका. गर्भवतींना अ‍ॅझिथ्रोमायसिन देता येत नसेल तेव्हा पेनिसिलिनच्याच गटातलं अ‍ॅमॉक्सिसिलिन हा मान्य पर्याय आहे.

एल-२ हाताळताना सर्वांत जास्त जपायचं कशाला?

श्वासाला. एल-२ चे तुषार श्वासातून जाऊन प्रयोगशाळेत न्यूमोनिया झाल्याच्या नोंदी आहेत. धोक्याच्या जागा तीन: प्लेट फिरवताना, मण्यांबरोबर व्होर्टेक्स करताना आणि सोनिकेट करताना. प्लेट बंद झाकणाच्या बकेटमध्ये फिरवा आणि ती बकेट जैवसुरक्षा कॅबिनेटमध्येच उघडा. व्होर्टेक्स झाल्यावर नळी पाच मिनिटं तशीच उभी ठेवा, मग उघडा. मोठ्या प्रमाणात साठा बनवायचा असेल तर बीएसएल-२ च्या साध्या खोलीत तो बनवू नका. वापरलेल्या प्लेट आणि कुप्या आधी ऑटोक्लेव्ह करा आणि मगच पिवळ्या पिशवीत टाका.